विश्लेषण : घरचं वाय-फाय एका फोनवर दिसतं, दुसऱ्यावर का नाही? राऊटरमधला ‘देश’ तपासला का?

राऊटर सुरू आहे, हिरवा दिवा लागलेला आहे, बिल भरलेलं आहे. एका मोबाईलवर नेट सुसाट चालतं, पण शेजारी ठेवलेल्या लॅपटॉपवर वाय-फायच्या यादीत घरच्या नेटवर्कचं नावच नाही. पासवर्ड चुकला असता तर निदान नाव तरी दिसलं असतं. अमरावती आणि अकोल्यातून अशा तक्रारी डिजिटल डेस्ककडे अधूनमधून येतात. एका वाचकाच्या शब्दांत सांगायचं तर, ‘भाऊ, फोनमधी दिसते, लॅपटॉपमधी दिसूनच नाही रायलं.’ अशा वेळी बहुतेक जण लॅपटॉप फॉरमॅट करतात किंवा कंपनीच्या माणसाला बोलावतात. तो राऊटर बंद करून चालू करतो आणि जातो. काही घरांत मात्र खरं कारण राऊटरच्या सेटिंगमधल्या एका ओळीत असतं. तिथे `Region`, `Country` किंवा `Country Code` असं लिहिलेलं असतं आणि पुढे भारताऐवजी भलत्याच देशाचं नाव असतं.

राऊटरला देश कशाला सांगायचा?

वाय-फाय म्हणजे रेडिओ लहरी. कोणत्या लहरी विनापरवाना वापरता येतील, हे प्रत्येक देशाचं सरकार ठरवतं. भारतात हे काम दूरसंचार विभागाच्या ‘वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन’ शाखेकडे आहे. राऊटर बनवणारी कंपनी मात्र एकच यंत्र अनेक देशांत विकते. त्यामुळे त्याच्या आत देशवार तक्ता भरलेला असतो. भारत निवडला तर हे चॅनल आणि इतकी ताकद, अमेरिका निवडली तर ते चॅनल आणि तितकी ताकद, असा तो तक्ता. `Region` बदलला की राऊटर त्यातलं दुसरं पान उघडतो. वेग, पासवर्ड किंवा भाषेशी या सेटिंगचा संबंध नाही.

चॅनल म्हणजे काय, हे गावच्या बसस्थानकावरून समजून घेऊ. फलाट ठरलेले असतात आणि गाडी त्यांपैकी कुठल्या तरी एकावर लागते. जुन्या, लांब पल्ल्याच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात भारतात १ ते १३ असे फलाट आहेत. अमेरिकेत विकली जाणारी उपकरणं साधारणपणे १ ते ११ एवढेच वापरतात. तेराव्या चॅनलचा मध्य २४७२ मेगाहर्ट्झवर येतो आणि हा पट्टा २४८३.५ वर संपतो. त्याच्या लगेच पुढच्या लहरींना अमेरिकेत कडक संरक्षण आहे. तिथे गळती होऊ नये म्हणून शेवटचे दोन चॅनल सोडून देणं कंपन्यांना सोपं पडतं.

आता गोष्ट अशी, की ज्या उपकरणाच्या तक्त्यात बारावा आणि तेरावा फलाटच नाही, ते तिथे डोकावत नाही. त्या फलाटावर तुमची गाडी इंजिन सुरू करून उभी असली तरी त्याला पत्ता नसतो. ‘सिग्नल कमी’ असंही ते सांगत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तिथे काहीच नाही.

अमरावतीतल्या एका घराचं उदाहरण

दोन मजली घर. खाली फायबर कंपनीने बसवलेला राऊटर, देश भारत, चॅनल `Auto` वर. वरच्या मजल्यावर सिग्नल पोहोचत नव्हता. अमेरिकेहून सुटीवर आलेल्या मुलाने तिथला एक राऊटर आणला होता. तो वर ठेवून रिपीटर म्हणून वापरायचा, म्हणजे खालचं वाय-फाय पकडून पुढे पसरवायचं, असा बेत होता. वरच्या राऊटरमध्ये आसपासची नेटवर्क शोधणारं बटण दाबलं, तर शेजाऱ्यांची सात-आठ नावं आली. समोरच्या दुकानाचं नावही आलं. घरचं नाव मात्र नाही. जिन्यात, खालच्या राऊटरपासून चार हातांवर नेऊन पाहिलं, तरी नाही. आणि त्याच जिन्यात उभं राहून फोन काढला, तर नाव दिसतं आणि सिग्नल पूर्ण.

निदानाची पहिली खूण इथेच मिळाली. राऊटरला खेटून उभं राहिल्यावरही एका यंत्राला नाव दिसतं आणि दुसऱ्याला दिसत नाही, तेव्हा प्रश्न अंतराचा किंवा भिंतीचा नसतो. दुसरी खूण वरच्या राऊटरच्या यादीतच होती. त्या यादीत प्रत्येक नावापुढे चॅनलचा आकडा असतो. आठही नावांपुढे १, ६, ११ असेच आकडे होते, अकराच्या वर एकही नाही. मग फोनवर वाय-फायचे चॅनल दाखवणारं एक मोफत अॅप टाकलं. त्यात खालच्या राऊटरपुढे आकडा होता १३.

कोडं सुटलं. खालच्या राऊटरने `Auto` वर असताना गर्दी टाळायला तेरावा चॅनल निवडला होता. भारतात तो चालतो, राऊटरचं काहीच चुकलं नव्हतं. वरच्या राऊटरचा `Region` मात्र `United States` होता आणि त्याच्या तक्त्यात तेरा हा आकडाच नव्हता. रिपीटरला मूळ राऊटरच्याच चॅनलवर बोलावं लागतं. ज्या चॅनलवर त्याला बोलण्याची परवानगी नाही, तिथे जोडून घेणं त्याला शक्यच नव्हतं.

उपाय दोन होते. एक, वरचा `Region` बदलून `India` करायचा. दोन, खालच्या राऊटरचा चॅनल `Auto` वरून काढून हाताने ६ वर ठेवायचा. या घरात पहिला मार्ग बंद निघाला, कारण `Region` ची ओळ करड्या रंगात होती, दाबली जात नव्हती. खाली चॅनल ६ केला, वर पुन्हा शोधलं, आणि घरचं नाव यादीत सर्वांत वर आलं.

कुलूप का लावलेलं असतं?

अमेरिकेत विकलेल्या राऊटरमध्ये ही ओळ अनेकदा बंद असते, त्याला कारण आहे. देश बदलून राऊटरची ताकद मंजुरीपेक्षा वाढवता येत असेल, तर तिथल्या नियामकाला, म्हणजे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनला, ते मान्य नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये टीपी-लिंकच्या अमेरिकी कंपनीने याच मुद्द्यावर नियामकाशी तडजोड करून २ लाख डॉलर भरण्याचं मान्य केलं. काही राऊटरमध्ये ग्राहकाला देश बदलून काही चॅनलवर मंजुरीहून जास्त ताकद मिळवता येत होती, हा आक्षेप होता.

आपल्याकडे याच्या उलट सल्ला फिरतो. ‘देश बदला, रेंज वाढेल’ असे व्हिडीओ मराठी-हिंदीत भरपूर आहेत. त्यातला तर्क अर्धाच आहे. राऊटर मोठ्याने ओरडला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो. वाय-फायमध्ये प्रत्येक निरोपाला उलट पोच द्यावी लागते. तुमच्या फोनची पोच राऊटरपर्यंत पोहोचली नाही, तर पडद्यावर चार दांड्या भरलेल्या दिसतील आणि पान मात्र उघडणार नाही. शिवाय भारतातली परवानामाफी ठरावीक पट्ट्यांपुरती आणि ठरावीक ताकदीपुरती आहे. रेंजसाठी परका देश निवडणं मला तरी निव्वळ तोट्याचा सौदा वाटतो.

तुमच्या राऊटरमुळे शेजाऱ्याचं नेटवर्क गायब होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि हा भाग फारसा कोणी सांगत नाही. प्रत्येक राऊटर सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी इथे आहे’ अशी छोटी हाळी देतो. तिला बीकन म्हणतात. नेटवर्कच्या नावासोबत या हाळीत अनेकदा देशाची दोन अक्षरंही असतात, जसं `IN`, `US`, `DE`. सोबत त्या देशात कोणते चॅनल आणि किती ताकद चालते, तेही असतं.

लॅपटॉपमध्ये सिमकार्ड नसतं. आपण कोणत्या देशात आहोत, हे त्याला कळणार कसं? काही लॅपटॉपची वाय-फाय कार्डं, विशेषतः इंटेलची, आणि अॅपलची यंत्रं आसपासच्या राऊटरच्या हाळीतून अंदाज बांधतात. वर सांगितलेल्या अमरावतीच्या घरात वरचा राऊटर ‘अमेरिका, अमेरिका’ म्हणत होता. अशा वातावरणात लॅपटॉपने स्वतःला अमेरिकेत समजून बारा आणि तेरा सोडून दिले, तर खालचं नेटवर्क त्यालाही दिसणार नाही. म्हणजे लॅपटॉप निर्दोष, खालचा राऊटर निर्दोष, आणि तरी नाव गायब. राजापेठ किंवा साईनगरातल्या अपार्टमेंटमध्ये एका मजल्यावर चार फ्लॅट असतील, तर ही हाळी भिंत ओलांडून जाते. एका फ्लॅटमधल्या चुकीच्या देशाचा त्रास दुसऱ्या फ्लॅटला झाला, तर तिथल्या माणसाला कारण सापडणं जवळपास अशक्य असतं.

फोनचं गणित वेगळं. अँड्रॉइड फोन सहसा मोबाईल नेटवर्कवरून देश ओळखतो. भारतातल्या नेटवर्कचा क्रमांक ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो, तो दिसला की फोन भारताचा तक्ता उघडतो. म्हणून घरातल्या चालू फोनवर सगळं नीट दिसतं. पण सिम काढून मुलांना गाणी-गोष्टींसाठी दिलेला जुना फोन कारखान्यात भरलेल्या मूळ देशावर चालू शकतो. तो परदेशातून आणलेला असेल, तर त्याच्या यादीतून काही नावं गळू शकतात. चालू सिम घालून पाहिल्यावर नाव दिसू लागलं, तर कारण हेच.

५ गिगाहर्ट्झवर काय होतं?

या पट्ट्यात भारताची स्वतःची एक कहाणी आहे. जानेवारी २००५ च्या नियमांनी घराच्या आत वापरण्यासाठी ५१५० ते ५३५० आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे दोन तुकडे खुले केले. चॅनलच्या भाषेत ३६ ते ६४ आणि १४९ ते १६५. मधला ५४७० ते ५७२५ चा तुकडा, म्हणजे चॅनल १०० ते १४४, तेव्हा बंद होता. तो ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने खुला झाला. तोवर भारतासाठी तयार झालेल्या अनेक फोन, टीव्ही आणि डोंगलच्या तक्त्यात मधले चॅनल नव्हतेच. ज्यांना पुढे अपडेट मिळाला, ते सुधारले. ज्यांना मिळाला नाही, ते आजही २०१८ पूर्वीच्या भारतात राहतात.

आता समजा, अकोल्यात जठारपेठेतल्या एखाद्या घरी जर्मनीहून आणलेला राऊटर बसवला आणि देश जर्मनीच राहू दिला. युरोपसाठीचे बहुतेक राऊटर १४९ च्या पुढचे चॅनल देत नाहीत. त्यांना फिरायला ३६ ते ६४ आणि १०० ते १४० एवढीच जागा. `Auto` वर असा राऊटर शंभराच्या घरात जाऊन बसला, तर नव्या फोनला ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसेल. २०१६ चा, ५ गिगाहर्ट्झ चालणारा फोन त्याच सोफ्यावर असूनही त्याला दिसणार नाही. देश भारत केल्यावर १४९ च्या पुढचे चॅनल यादीत येतात आणि जुन्या फोनला पोहोचण्याजोगी जागा मिळते. मात्र नुसता देश बदलून भागेलच असं नाही. मधले चॅनल आता भारतातही चालतात, त्यामुळे `Auto` पुन्हा तिथेच जाऊ शकतो. घरात जुनी यंत्रं असतील तर चॅनल हाताने ३६ किंवा १४९ वर बांधून ठेवणं बरं.

मधल्या चॅनलची आणखी एक सवय माहीत असावी, नाहीतर उगाच घाबरायला होतं. तिथे रडारही काम करतात, म्हणून राऊटरला आधी किमान एक मिनिट गुपचूप ऐकावं लागतं. त्या काळात ५ गिगाहर्ट्झचं नाव कुणालाच दिसत नाही. वापरात असताना रडारसारखा सिग्नल आढळला, तर राऊटर चॅनल सोडतो आणि अर्धा तास तिकडे फिरकत नाही. नाव सगळ्यांना थोडा वेळ दिसेनासं होऊन परत येत असेल, तर कारण हे असू शकतं. चुकीच्या देशामुळे गेलेलं नाव तसं आपोआप परतत नाही.

तपासायचं कसं?

आधी आकडा शोधा, मग सेटिंगला हात लावा. ज्या फोनवर नेटवर्क दिसतं, त्यावर चॅनल दाखवणारं अॅप टाका आणि घरच्या नावापुढचा आकडा लिहून घ्या. विंडोज लॅपटॉप असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून ही ओळ टाका :

```
netsh wlan show networks mode=bssid
```

लॅपटॉपला ऐकू येणारी नेटवर्क आणि प्रत्येकापुढे `Channel` असं त्यात दिसतं. फोनच्या अॅपमध्ये १३ वर असलेलं घरचं नाव या यादीत नसेल आणि पूर्ण यादीत अकराच्या वरचा २.४ गिगाहर्ट्झचा एकही आकडा नसेल, तर संशय पक्का धरायला हरकत नाही. मॅक असेल तर `Option` की दाबून वरच्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करा. जोडलेल्या नेटवर्कच्या तपशिलात `Country Code` आणि `Channel` दोन्ही दिसतात.

मग राऊटर. त्याच वाय-फायला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये `192.168.0.1` किंवा `192.168.1.1` टाका. नेमका पत्ता आणि लॉगिन राऊटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतं. आत `Wireless` खाली, कधी त्यातल्या `Advanced` मध्ये, `Region` किंवा `Country` ही ओळ सापडेल. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची पानं वेगळी असतील तर दोन्हीकडे पाहा. एकीकडे भारत आणि दुसरीकडे भलताच देश असंही आढळू शकतं. `Time Zone` हे निराळं सेटिंग आहे. घड्याळ `GMT+5:30` वर आहे म्हणून देश बरोबर असेल, असं मुळीच नाही.

`India` निवडून जतन केलं की वाय-फाय क्षणभर तुटेल, ते अपेक्षित आहे. त्यानंतर २.४ गिगाहर्ट्झचा चॅनल १, ६ किंवा ११ वर ठेवा आणि `Channel Width` २० मेगाहर्ट्झ करा. हे तीन आकडे भारतात चालतात, अमेरिकेच्या आणि युरोपच्या उपकरणांनाही दिसतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत. सीसीटीव्ही कॅमेरा, स्मार्ट प्लग, प्रिंटर यांत बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झ असतं आणि त्यांचा तक्ता कुठल्या देशाचा आहे, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. त्यांच्यासाठी हाच सुरक्षित मार्ग.

नेटवर्कचं नाव मुद्दाम लपवून ठेवलं असेल, म्हणजे `Hide SSID` चालू असेल, तर ते आधी बंद करा. देशाबद्दल खात्री नसलेली यंत्रं बाराव्या-तेराव्या चॅनलवर स्वतः हाक न मारता नुसती ऐकतात. लपवलेलं नेटवर्क मात्र नावाने हाक मारल्याशिवाय ओ देत नाही. दोघंही गप्प, मग भेट कशी होणार?

देश बदलता येत नसेल तर?

कंपनीने दिलेल्या फायबरच्या डब्यात ही ओळ बहुधा दिसतच नाही, ती कंपनीकडून ठरलेली असते. तिथे चॅनल तेवढा बदलता येतो, आणि वर पाहिल्याप्रमाणे बहुतेक घरांत तेवढं पुरतं. परदेशातून आणलेला, कुलूपबंद राऊटर असेल तर तो रिपीटर म्हणूनही आपल्याकडे वापरू नये, असं माझं मत आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा उपकरणांना दूरसंचार विभागाची उपकरण मंजुरी लागते. शिवाय तो जोवर चालू आहे तोवर आजूबाजूच्या लॅपटॉपना चुकीचा देश ऐकवत राहतो. बाजारातून जुना राऊटर घेताना पैसे देण्याआधी दुकानातच तो लावून `Region` उघडून पाहा. त्याला दोन मिनिटं लागतात आणि यादीत `India` नसेल तर तिथेच कळतं.

जोडणी करून देणाऱ्या तंत्रज्ञांकडूनही एक अपेक्षा आहे. ते वेग मोजून दाखवतात, पासवर्ड लिहून देतात, पण ग्राहकाने स्वतः आणलेल्या राऊटरचा देश सहसा कोणी उघडत नाही. कंपन्यांनी जोडणीच्या फॉर्मवर एवढी एक चौकट वाढवली, तर पुढच्या कितीतरी फेऱ्या वाचतील.

आणि टाचणीने मागचं छिद्र दाबून राऊटर रिसेट केला असेल, तर देशही मूळ ठिकाणी गेलेला असतो. रिसेटनंतर पहिल्या पानावर देश आणि वेळ विचारली जाते. घाईत `Next` दाबत पुढे गेलात, तर आधी जे होतं किंवा यादीत जे वर होतं, तेच राहतं. काल दिसणारं नेटवर्क रिसेटनंतर एखाद्याच यंत्रावरून गेलं असेल, तर शोध त्या पानापासूनच सुरू करा.